पूर्णाहुतीनंतरची दहा मिनिटं: गुरुजींचे आणि घरात राबलेल्या माणसांचे आभार कसे मानावेत

मागच्या वर्षी फुलेवाडीला आमच्या नव्या घराची वास्तुशांत झाली. त्याआधी माहेरी, सासरी, नणंदेकडे मिळून सात-आठ घरगुती कार्यांत मी पडद्यामागची कामं केली होती. जवळपास प्रत्येक घरी मला एकच गोष्ट दिसली. सकाळी सहापासून सगळं वेळेवर चालतं, होम होतो, पूर्णाहुती होते, आणि तिथून पुढच्या दहा मिनिटांत घराचा ताबा सुटतो. पंगतीची घाई असते, दारात पाहुणे ताटकळत असतात, गुरुजी संध्या-पळी पुसून पिशवीत भरत असतात, आणि यजमान आतल्या खोलीत कपाटाची किल्ली शोधत असतो. पाकीट कुठं ठेवलं, त्यात किती घातले, सुटा रुपया आहे का, अशी विचारणा सुरू असते. शेवटी गुरुजी चपला घालत असताना जिन्यात पाकीट त्यांच्या हातात जातं आणि "बरं मग, येतो" एवढ्यावर सगळं संपतं. पहाटेपासून भांडी घासणाऱ्या मावशींची आठवण तर संध्याकाळी होते.

हे टाळायला मोठं भाषण लागत नाही, फार पैसाही लागत नाही. आदल्या दिवशी अर्धा तास आणि त्या वेळी प्रत्येकासाठी दोन वाक्यं पुरतात. वास्तुशांतीचं उदाहरण धरून मी सांगते. सत्यनारायण, मुंज किंवा घरचं लग्न असलं, तरी थोड्याफार फरकानं हेच लागू पडतं.

दक्षिणा हे आभार नव्हेत

सगळा घोळ इथूनच सुरू होतो. दक्षिणा दिली म्हणजे आभार मानून झाले, असं आपण धरून चालतो. पण दक्षिणा हा विधीचाच भाग आहे. गुरुजी यजमानाकडून संकल्प म्हणवून घेतात, त्यात "कृतस्य कर्मणः साङ्गतासिद्ध्यर्थं" असे शब्द येतात. म्हणजे केलेलं कर्म सर्व अंगांनी पुरं व्हावं म्हणून ही दक्षिणा. ती दिली नाही तर कर्म अपुरं राहतं, असं शास्त्र मानतं. ते देणं आपल्याकडे लागतंच. त्यात आपण कुणावर उपकार करत नाही.

पूर्णाहुतीनंतर बहुतेक ठिकाणी श्रेयोदान असतं. आचार्य यजमानाच्या हातावर सुपारी किंवा नारळ ठेवून पाणी सोडतात आणि या जपाचं, होमाचं जे श्रेय आम्हाला मिळालं ते तुम्हाला दिलं, अशा अर्थाचं म्हणतात. मग दक्षिणा होते, त्यानंतर अभिषेक, मंत्राक्षता आणि आशीर्वाद, आणि शेवटी विसर्जन. गुरुजींच्या परंपरेप्रमाणे हा क्रम थोडा पुढेमागे होतो. श्रेयोदानाकडे मी आधी कधी नीट लक्षच दिलं नव्हतं. नणंदेच्या घरी गुरुजींनी त्याचा अर्थ समजावून सांगितला, तेव्हा कळलं की चार-पाच तास ज्यांनी मंत्र म्हटले, धुरात बसले, ते त्याचं फळ आपल्या हातावर ठेवून मोकळे होतात. त्या क्षणी यजमान कपाटाची किल्ली शोधत नसावा, एवढं तर आपल्याला जमलंच पाहिजे.

तेव्हा आभाराची जागा ठरलेली आहे: आशीर्वाद घेतल्यानंतर आणि गुरुजी आसनावरून उठण्याआधी. तिथं यजमान-यजमानीण दोघं समोर असतात, घरचे मोठे जवळ असतात आणि गुरुजींचंही लक्ष आपल्याकडे असतं. जिन्यात यातलं काहीच नसतं.

आदल्या दिवशी गुरुजींना विचारायच्या गोष्टी

कार्याच्या आदल्या संध्याकाळी गुरुजींना फोन असतोच, साहित्याची शेवटची खात्री करायला. त्याच फोनवर तीन गोष्टी विचारून घ्या.

एक, बरोबर किती जण येणार. वास्तुशांतीला मुख्य गुरुजींसोबत एक-दोन साहाय्यक असतात, कधी वेदपाठशाळेतला एखादा विद्यार्थीही असतो. प्रत्येकाचं पाकीट वेगळं करायचं की मुख्य गुरुजींकडेच एकत्र द्यायचं, हे मोकळेपणानं विचारा. काही गुरुजींची रक्कम सगळ्यांची मिळून ठरलेली असते आणि वाटणी ते स्वतः करतात. तसं असलं तरी साहाय्यकांच्या हातात विडा आणि थोडी दक्षिणा वेगळी द्यावी. माझ्या माहेरच्या एका कार्यात हे राहून गेलं होतं. तिघांचं मिळून एकच पाकीट दिलं. सतरा-अठरा वर्षांचा एक मुलगा पहाटेपासून समिधा मोजून देत होता, आहुती घालत होता. सगळे नमस्काराला मोठ्या गुरुजींपुढे वाकले आणि तो बाजूला उभा राहून दर्भ गोळा करत राहिला. त्याला त्याचा वाटा मिळाला असणार, पण आमच्या घरानं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

दोन, जेवून जाणार का. मुहूर्ताच्या दिवसांत गुरुजींना दुपारी दुसरं कार्य असतं. काही जण बाहेरचं शिजवलेलं घेत नाहीत, कुणाचा उपास असतो. "गुरुजी, प्रसाद घेऊन जाणार की शिधा बांधून देऊ?" असं आधी विचारलं की ऐनवेळी "नको, नको" आणि "असं कसं, थोडं तरी" ही ओढाताण होत नाही. ते नको म्हणाले तर नको. आग्रहाचा त्यांना त्रास होतो आणि त्यांचा वेळही जातो.

तीन, जायची सोय. त्यांची गाडी आहे का, की रिक्षा सांगायची? प्रवासाचा खर्च दक्षिणेत धरलेला आहे की वेगळा? तो वेगळा असेल तर पाकीटही वेगळं करा, एकात एक घालू नका.

दक्षिणा किती, हे गुरुजींनी सांगितलेलं असेल तर प्रश्नच नाही. "यथाशक्ती द्या" असं उत्तर आलं, तर गेल्या सहा महिन्यांत ज्यांच्याकडे असंच कार्य झालं अशा दोन घरी विचारा. नातेवाइकांच्या दहा वर्षांपूर्वीच्या आठवणीवर विसंबू नका. आणि एकदा ठरलेल्या रकमेवर कार्य झाल्यावर घासाघीस नको. तसं केल्यावर तोंडानं कितीही गोड बोललं तरी त्याला अर्थ राहत नाही.

पाकिटं आणि ताट

आमच्याकडे जे केलं ते आकड्यांसह लिहिते. हे दर नव्हेत, फक्त आमच्या घरचा हिशेब.

मुख्य गुरुजी ७,००१. दोन साहाय्यक, प्रत्येकी २,५०१. प्रवासाचे ५०० वेगळे. आचारी ६,०००, हे आधीच ठरलेले. तीन वाढपी, प्रत्येकी ६००. भांड्यांना दोन मावशी, प्रत्येकी ७००. म्हणजे दक्षिणा आणि प्रवास मिळून १२,५०३ आणि बाकी मजुरी ९,२००. आदल्या रात्री ह्यांनी नोटा मोजून पाकिटं भरली आणि प्रत्येकाच्या मागच्या बाजूला पेन्सिलीनं बारीक अक्षरात कुणाचं ते लिहिलं. ही नोंद फार गरजेची आहे, कारण सगळी पाकिटं एकाच दुकानातली आणि एकाच रंगाची असतात. आमच्या ओळखीच्या एका घरी मुख्य गुरुजींचं पाकीट साहाय्यकाला गेलं आणि दुसऱ्या दिवशी फोन करून सांगायची वेळ आली.

वरचा एक रुपया नाण्यातच असावा. रक्कम शून्यावर संपू नये, पुढं चालत राहावी, म्हणून तो एक, असं आमच्या आजी सांगायच्या. नाणं चिकटवलेली पाकिटं महाद्वार रोडवर मिळतात, पण ती घेताना नाणं घट्ट आहे का बघा. साध्या पाकिटात सुटं नाणं टाकलं तर ते कोपऱ्यातून निसटतं.

विड्यासाठी प्रत्येकी दोन पानं, एक सुपारी आणि एक नाणं. पानं आदल्या दिवशी आणलीत तर ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. सुकून वळलेल्या पानाचा विडा देताना देणाऱ्यालाच बरं वाटत नाही.

आता एक कामाची गोष्ट. दक्षिणेवर पाणी सोडतात. पाकीट हातात धरून पळीनं पाणी सोडलं की ते भिजतं, आतल्या नोटा एकमेकींना चिकटतात. म्हणून हातात फक्त विडा आणि नाणं घ्या. त्यावर पाणी सोडा, विडा गुरुजींच्या हातात द्या आणि मग ताटातलं कोरडं पाकीट उचलून द्या. रक्कम ऑनलाइन पाठवायची असेल तरी हेच करा, संकल्पाला विडा आणि नाणं, बाकीचे पैसे नंतर. पण आसनासमोर मोबाइल काढून स्कॅन करत बसू नका. गुरुजी हातपाय धुऊन बाहेर आले की शांतपणे पाठवा आणि "गुरुजी, रक्कम पाठवली आहे, आली का बघता का?" एवढं विचारा.

शिधा द्यायचा असेल तर एका छोट्या कुटुंबाचं एक वेळचं नीट जेवण होईल एवढा असावा. आम्ही प्रत्येकाला अर्धा किलो तांदूळ, अर्धा किलो कणीक, पाव किलो तूरडाळ, पाव किलो गूळ, शंभर ग्रॅम तूप, मीठ आणि बटाटे असं दिलं. सगळं वेगवेगळ्या पुड्यांत आणि वर एका कापडी पिशवीत. कणीक आणि तांदळाची पुडी फुटून एकत्र झालेला शिधा मी पाहिलाय, तो कुणाच्याच उपयोगाचा नसतो. पूजेवर मांडलेले तांदूळ, सुपाऱ्या, वस्त्र हे रिवाजाप्रमाणे गुरुजींचं असतं. ते त्यांना गोळा करायला लावू नका. घरातल्या एकानं "गुरुजी, हे कसं बांधू?" असं विचारून बांधून द्यावं. त्यांना नको असेल तर तेच सांगतील.

हे सगळं एका मोठ्या ताटात मांडून देवघराजवळ ठेवा आणि त्याची जबाबदारी एकाच माणसावर टाका. आमच्याकडे धाकट्या दिरांवर होती. पूर्णाहुतीचा नारळ अग्नीत पडला की ताट घेऊन उभं राहायचं, एवढंच त्यांचं काम होतं.

त्या वेळी काय करायचं, काय बोलायचं

आशीर्वाद होतो तेव्हा यजमानीण पदर पसरते, यजमान उपरणं धरतो आणि अक्षता त्यात पडतात. त्या तशाच बांधून बाजूला ठेवा. मग दोघांनी मिळून नमस्कार. गुरुजी सोवळ्यात असतील तर पायाला हात लावू नका, समोर जमिनीवर डोकं टेकवा. आधी मुख्य गुरुजी आणि मग प्रत्येक साहाय्यक, वयानं लहान असले तरी. त्या आसनावर वय मोजत नाहीत. लहान मुलाच्या हातून किंवा पाहुण्याच्या हातून पाकीट देऊ नका. दक्षिणा यजमानानंच द्यायची.

आणि मग बोलायचं. इथं बरेच जण अडतात, कारण "धन्यवाद गुरुजी" हे आपल्या तोंडी नीट बसत नाही. बँकेच्या काउंटरवर ते ठीक असतं, आसनासमोर ते परकं वाटतं. आपल्या भाषेत या प्रसंगाची वाक्यं आधीच आहेत, फक्त ती मनापासून म्हणायची. मी म्हटलं ते असं:

"गुरुजी, तुमच्यामुळे कार्य निर्विघ्न पार पडलं. आईंना प्रत्येक विधीचा अर्थ सांगत होता, त्यांना फार समाधान वाटलं. आमचं काही कमी-जास्त झालं असेल तर सांभाळून घ्या. आशीर्वाद असू द्या."

चार छोटी वाक्यं, वीस सेकंद. पहिल्यात कार्य पार पडल्याचं श्रेय आहे. दुसऱ्यात त्यांनी केलेली एक नेमकी गोष्ट आहे, आणि हेच वाक्य सगळ्यांत मोलाचं, कारण ते दुसऱ्या कुठल्या घरी म्हणता येणार नाही. तिसऱ्यात आपल्या चुकांची क्षमा आणि चौथ्यात आशीर्वादाची विनंती. दुसरं वाक्य सुचत नसेल तर सकाळपासून लक्ष ठेवा. वेळेआधी आले का? साहित्यात काही राहिलं होतं ते त्यांनी निभावून नेलं का? लहान मुलांना जवळ बसवून घेतलं का? काहीतरी सापडतंच.

साहाय्यकाला एकच वाक्य पुरे: "तुम्ही पहाटेपासून एकदाही उठला नाहीत, गुरुजी." वयानं लहान असला तरी आसनावर आहे तोवर त्याला गुरुजीच म्हणावं आणि अहो-जाहो करावं.

लांबवायचं मात्र नाही. एका कार्यात आमच्या एका काकांनी माइक घेतला आणि गुरुजींच्या घराण्याच्या तीन पिढ्यांचं कौतुक सुरू केलं. गुरुजींना एक वाजता उचगावला पोहोचायचं होतं. ते हात जोडून उभे राहिले आणि दर मिनिटाला त्यांची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे जात होती. गुरुजी पळी-पंचपात्र पुसायला लागले किंवा साहाय्यकाला "चला, आवरा" म्हणाले, की समजायचं, आपलं बोलणं संपलं पाहिजे.

निघताना एका घरच्या माणसानं गाडीपर्यंत जावं. फ्लॅट असेल तर लिफ्टपर्यंत नव्हे, खाली फाटकापर्यंत. पिशव्या आपण उचलायच्या.

कुणाला काय म्हणायचं

कोल्हापुरात "गुरुजी" हा शब्द सगळीकडे चालतो, पण पुरेसा नाही. इथं पौरोहित्य एकाच समाजाकडे नाही. वेदोक्त प्रकरणानंतर राजर्षी शाहू महाराजांनी बहुजन समाजातले पुरोहित तयार करण्याला पाठबळ दिलं, १९११ मध्ये कोल्हापुरात सत्यशोधक समाज उभा राहिला, १९२० मध्ये क्षात्रजगद्गुरू पीठ स्थापन झालं. त्यामुळे आपल्या जिल्ह्यात मराठा घरी मराठा पुरोहित असतात, लिंगायत घरी जंगम येतात, जैन घरी उपाध्ये येतात आणि गावच्या देवळाचे गुरव घरच्या पूजेलाही बसतात. लिंगायत घरी "स्वामी" किंवा "अय्या" म्हणण्याची रीत आहे, जैन घरी "पंडितजी" चालतं. सून दुसऱ्या घरातून आलेली असेल किंवा घर मिश्र असेल तर आदल्या दिवशीच सासूबाईंना विचारावं की यांना काय म्हणतात आणि नमस्कार कसा करतात. दक्षिणेचे शब्द आणि रीती घराघराप्रमाणे बदलतात. समोरच्याला त्याच्या रीतीनं हाक मारली की अर्धे आभार तिथंच पोहोचतात.

सत्यशोधक पद्धतीच्या कार्यात दक्षिणेचा संकल्प नसतो. तिथं विधी चालवणाऱ्याला फक्त खर्च आणि मानाचं काही द्यायचं की काय, हे त्यांनाच विचारा. आपल्या अंदाजानं शाल-श्रीफळ पुढं करू नका.

आचारी, वाढपी, भांडीवाल्या मावशी

पाकीट, ताट, नमस्कार यांना एक चौकट असते. ती नसल्यामुळे स्वयंपाकघरातली माणसं राहून जातात. त्यांच्यासाठी चौकट आपणच घालायची.

पहिली गोष्ट, त्यांचे डबे आधी बांधा. पहिल्या पंगतीला मसालेभात आणि जिलेबी वाढायला घेतली की त्याच वेळी जितकी माणसं राबताहेत तितके डबे भरून झाकून ठेवा. शेवटच्या पंगतीनंतर तळाला उरलेला करपट भात आणि मोडकी जिलेबी बांधून "घ्या मावशी, घरी न्या" म्हणणं हे आभार नव्हेत, ते उरलेलं खपवणं आहे. मावशींनाही ते कळतं. डबा घरात किती माणसं आहेत ते विचारून भरावा. आमच्याकडच्या एका मावशींच्या घरी पाच जण होते. एका माणसाचा डबा दिला असता तर त्यांनी तो नातवंडांना वाटून स्वतः चहावर दिवस काढला असता.

दुसरी, मजुरी ठरलेल्या वेळी आणि पूर्ण. "उद्या या, देतो" हे नको. कार्यात एक तास जास्त लागला असेल तर त्याचे पैसे स्वतःहून वाढवून द्या. आमच्याकडे पंगत दोनऐवजी साडेतीनपर्यंत गेली, म्हणून दोन्ही मावशींना प्रत्येकी दोनशे वरचे दिले. ते "खुशीनं" म्हणून नव्हे, "जास्त वेळ झाला, त्याचे" असं स्पष्ट म्हणून. खुशीची भेट वेगळी. त्यांच्यासाठी साडी आणि आचाऱ्यांसाठी टॉवेल-टोपी आणली होती, ती मजुरीच्या पाकिटात मिसळली नाही. मजुरी त्यांच्या कामाची, साडी आमच्या आनंदाची.

तिसरी, द्यायची जागा. मोरीत किंवा मागच्या दारात देऊ नका. हात धुऊन झाले की त्यांना पुढच्या खोलीत, जिथं पूजा मांडली आहे तिथं बोलवा. देवाला नमस्कार करू दे, तीर्थप्रसाद द्या, मग पाकीट आणि डबा. त्या वेळी मी एवढंच म्हटलं, "मावशी, एवढी माणसं जेवली, पण एकदाही वाटी कमी पडली नाही. तुम्ही होता म्हणून निभावलं." त्या म्हणाल्या, "त्यात काय वो, आमचं कामच हाय ते." पण जाताना त्यांनी देवासमोर पुन्हा हात जोडले आणि सासूबाईंना म्हणाल्या, "लई छान झालं बघा कार्य." कार्यात आपलाही वाटा होता, हे त्यांच्या बोलण्यात होतं.

आचाऱ्यांना कौतुक हवं ते पदार्थाचं, आणि तेही नाव घेऊन. "सगळं छान होतं" याला ते फक्त मान डोलावतात. "मठ्ठ्यात आलं बरोबर पडलं होतं, दोन पाहुण्यांनी विचारलं कुणी केला" असं म्हटलं की त्यांचा चेहरा बदलतो. शक्य झालं तर दोन वडीलधाऱ्या माणसांना घेऊन चुलीपाशी जा आणि त्यांच्या तोंडून ते ऐकवा. वाढपी पोरांना मात्र भाषण नको असतं, ती दमलेली असतात. त्यांना आधी बसवून गरम वाढा, घरच्यांनी स्वतः वाढा. पाकीट जेवणानंतर.

हळदी-कुंकू आणि ओटी

मदतीला आलेल्या बायकांना निघताना हळदी-कुंकू लावून साडी किंवा नारळ द्यायची आपली रीत आहे. इथं एक प्रसंग हमखास येतो. ओळीत एखाद्या मावशी मागं सरकतात, कारण त्यांचे मालक गेलेले असतात आणि आपण कुंकवाला पुढं व्हायचं नाही, असं त्यांच्या मनात असतं. सगळ्यांसमोर हे घडलं की आपण केलेल्या आभाराचं त्यांच्यासाठी ओझं होतं.

याच जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्यानंतर राज्य सरकारनं इतर ग्रामपंचायतींनाही तसं करण्याचं आवाहन केलं. आपल्या घरात एवढं तर नक्की करता येतं: आधी एकटीला बाजूला घेऊन हळू आवाजात विचारायचं, "मावशी, कुंकू लावू का तुम्हाला?" त्या हो म्हणाल्या तर सगळ्यांसारखंच, पहिल्या मानानं. नाही म्हणाल्या तर गजरा आणि साडी, तीही सगळ्यांसारखीच. साडीत फरक करायचा नाही. आमच्याकडच्या थोरल्या मावशी हो म्हणाल्या. कपाळ पुढं करताना त्यांचे डोळे भरले होते, माझेही.

संध्याकाळचा निरोप

रात्री आठ-नऊच्या सुमारास गुरुजींना एक छोटा मेसेज पाठवावा. त्यात फुलांची चित्रं, आलेले सुविचार, पन्नास फोटो नकोत. माझा होता तो असा:

"गुरुजी, सादर नमस्कार. आजचं कार्य तुमच्यामुळे वेळेत आणि समाधानानं पार पडलं. आई अजून श्रेयोदानाचा अर्थच सगळ्यांना सांगताहेत. दोन्ही गुरुजींनाही आमचा नमस्कार सांगा. आशीर्वाद असू द्या."

होमाच्या वेळचे गुरुजींचे फोटो त्यांना विचारल्याशिवाय स्टेटसला लावू नका. सोवळ्यातला, उघड्या अंगाचा फोटो सगळ्यांनी बघावा असं प्रत्येकाला वाटत नाही. आचाऱ्यांना मेसेजपेक्षा दुसऱ्या घरचं काम मिळवून दिलेलं आवडतं. "तुमचा नंबर नणंदेला दिलाय, ती फोन करील" हे त्यांना कळवा. मावशींना फोन करा, त्या वाचतीलच असं नाही.

प्रसंग दुःखाचा असेल, श्राद्ध किंवा तेराव्याचा, तर यातलं बरंच बदलतं. तिथं "पुन्हा या" म्हणत नाहीत आणि निघणाराही "येतो" म्हणत नाही. कौतुक नको, हसून बोलणं नको. हात जोडून "तुम्ही वेळेवर आलात, सगळं नीट झालं" एवढंच. मदतनीसांची मजुरी आणि डबे मात्र तसेच, तितक्याच काळजीनं. त्या दिवशी घरच्यांचं भान नसतं, म्हणून हे काम शेजारच्या किंवा नात्यातल्या एका खंबीर माणसाकडे आधीच सोपवावं.

शेजारणीचं पातेलं

मदतीचे पैसे घेत नाहीत अशी माणसं शेवटी राहतात. आमच्या वेळी शेजारच्या वहिनींनी मोठं पातेलं, दोन झारे आणि सतरंज्या दिल्या होत्या, शिवाय पहाटे पाच वाजता येऊन दारात रांगोळी काढली होती. त्यांना पाकीट दिलं असतं तर त्या रागावल्या असत्या. त्यांच्यासाठी पूजेचा प्रसाद त्याच दिवशी, पंगतीची वाट न बघता, यजमानीणीनं स्वतः नेऊन द्यायचा. आणि भांडी दुसऱ्या दिवशी सकाळीच परत. मागं लागून मागायची वेळ त्यांच्यावर येऊ नये. सतरंज्या झटकून, उन्हात टाकून, घडी घालून. पातेलं चिंचेनं घासून, आणि रिकामं कधीच नाही. मी त्यात कोल्हापुरी गुळाची एक ढेप आणि ओटीतले तांदूळ घातले. वहिनींनी झाकण काढलं, गूळ बघितला आणि म्हणाल्या, "अगं, एवढं कशाला?" मग आत जाऊन मला चहा टाकला.